इसारपावती आणि कॅमेरा

सहा मिनिटांच्या एका लघुपटातला प्रसंग घेऊ. मुलगी पुण्याहून गावच्या घरी आली आहे. वडिलांनी तिला न विचारता घराचा सौदा केला आहे. चहा होतो, फडताळात तिला इसारपावती सापडते, ती जाब विचारते, वडील बराच वेळ गप्प बसतात आणि मग कबूल करतात. यात कॅमेरा कुठे हलवायचा?

भांडण पेटलं की कॅमेरा हातात घ्यायचा, अशी नव्या दिग्दर्शकांची सवय असते. मला ती पटत नाही. आवाज चढवायचं काम नट करतच असतात. खरा बदल त्याआधी, मुलगी पावतीवरची सही वाचते त्या क्षणी झालेला असतो. म्हणून चहाचा भाग ट्रायपॉडवर घ्यावा. या घरात सगळं वडिलांच्या मर्जीने चालतं, हे स्थिर चौकट न बोलता सांगते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा असाच दूर आणि स्थिर राहतो, आणि माणसांची पर्वा न करता चाललेलं न्यायालयाचं कामकाज त्यातूनच अंगावर येतं.

पावती वाचल्यापासून मुलीचे शॉट हातातल्या कॅमेऱ्याने घ्यावेत, वडिलांचे मात्र ट्रायपॉडवरच. एकाच संभाषणात तिच्या पायाखालची जमीन सरकते आहे आणि ते अजून ठाम आहेत, हे आपोआप दिसतं. लेन्स ३५ मिलिमीटरच्या आसपासची असावी. ८५ची लावली तर बारीकसा धक्काही मोठा दिसतो. मुद्दाम हलवायची गरज नसते. कॅमेरामनचा श्वास पुरतो.

पुश-इन, म्हणजे कॅमेरा संथपणे पुढे नेणं, मी एकदाच वापरेन, तेही वडिलांच्या मौनावर. बोलणाऱ्यापेक्षा ज्याच्या मनात उलथापालथ चालली आहे त्याच्याकडे जावं. सहा फुटांवरून चार फुटांवर, सुमारे वीस-पंचवीस सेकंदांत. ट्रॉली नसेल तर तीन फुटी स्लायडर चालतो. झूमने हा परिणाम मिळत नाही, कारण त्यात कॅमेरा जागचा हलत नाही आणि चेहरा व मागची भिंत यांचं नातं तसंच राहतं. जवळ जाताना फोकसची खोली कमी होते, म्हणून अपर्चर थोडं बंद करावं आणि फोकस पुलरने प्रत्येक टप्प्याची खूण आधी लावून ठेवावी.

सुरुवात कधी करायची, यावर बरंच अवलंबून आहे. मुलीचा प्रश्न संपण्याआधीच कॅमेरा निघाला, तर आता काहीतरी घडणार हे प्रेक्षकाला कळून चुकतं. प्रश्न संपावा, वडिलांची नजर कपाकडे वळावी, मग निघावं. त्यांच्या तोंडून शब्द फुटण्याआधी थांबावं.

कबुलीनंतर मुलीचा चेहरा येतो, तो पुन्हा ट्रायपॉडवर. आता तिला सगळं कळलं आहे. काय करायचं ते ती ठरवणार आहे.