न आलेल्या व्याजाचा नफा

एका लघुउद्योजकाने यंत्रासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जापैकी 10 लाख रुपये बाकी आहेत. व्याजदर 12 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 10 हजार रुपये व्याज. 31 मार्चला देय असलेला हप्ता आला नाही, पुढचेही आले नाहीत. मधल्या काळात बँक दर महिन्याला व्याज आकारून ते उत्पन्नात धरत राहते. रिझर्व्ह बँकेच्या 90 दिवसांच्या नियमाने 29 जूनला दिवसअखेर हे खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते.

त्या दिवशी मार्च ते मे या तीन महिन्यांचे, उत्पन्नात धरलेले पण हाती न आलेले सुमारे 30 हजार रुपये नफ्यातून परत काढावे लागतात. पुढचे व्याज वसूल होईल तेव्हाच उत्पन्नात धरायचे. याचा अर्थ कर्जदाराला व्याज माफ झाले असा नाही. त्याच्याकडून येणे असलेल्या व्याजाची नोंद बँक वेगळी ठेवतेच. प्रश्न नफ्याचा आहे. कागदावरच्या व्याजाला नफा म्हटले, की त्यावर आयकर भरला जातो, भागधारकांना लाभांश वाटला जातो. हे पैसे मात्र खरेच बँकेबाहेर जातात आणि जातात ते ठेवीदारांनी ठेवलेल्या रकमेतून. नरसिंहम समितीच्या 1991च्या अहवालानंतर हा नियम आला, तो याचसाठी.

मग मुद्दलाचे काय? पहिले वर्षभर खाते ‘दुय्यम’ वर्गात राहते. व्यापारी बँकांच्या प्रचलित नियमांनुसार तारणी कर्जावर 15 टक्के, म्हणजे इथे दीड लाखाची तरतूद नफ्यातून बाजूला काढावी लागते. वर्ष उलटले की कर्ज ‘संशयित’ होते आणि तारणाची खरी किंमत महत्त्वाची ठरते. यंत्राचे 6 लाखच येणार असतील, तर उघड्या पडलेल्या 4 लाखांवर पूर्ण आणि 6 लाखांवर 25 टक्के, अशी एकूण साडेपाच लाखांची तरतूद लागते. संशयित वर्गात तीन वर्षे उलटली, की संपूर्ण 10 लाखांची.

लबाडी शिरते ती इथेच. यंत्राचे मूल्यांकन 10 लाख दाखवले, की साडेपाच लाखांऐवजी अडीच लाखांत भागते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे त्याच माणसाला, किंवा त्याच्या दुसऱ्या फर्मला, नवे कर्ज देऊन जुने हप्ते भरून घेणे. खाते नियमित दिसते, बुडणारी रक्कम मात्र वाढत जाते. मार्चअखेरीस अचानक आलेला भरणा आणि एप्रिलमध्ये त्याच गटाला गेलेले नवे कर्ज, ही जोडी चांगला लेखापरीक्षक सोडत नाही. थकबाकीतला थोडा भाग भरूनही खाते पुन्हा नियमित होत नाही. मुद्दल आणि व्याज, दोन्हींची सगळी थकबाकी फिटावी लागते.

ठेवीदाराने अहवालात ढोबळ आणि निव्वळ एनपीए हे दोन्ही आकडे पाहावेत. निव्वळ आकडा मुख्यतः तरतूद वजा करून येतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, तर बुडीताची झळ सोसायला बँकेने अजून फारसे काही बाजूला काढलेले नाही.