उडून जाणारे पाणी, मागे राहणारे क्षार

पाच-सहा मजल्यांच्या कचेरीतले किंवा शंभर खाटांच्या रुग्णालयातले मध्यवर्ती वातानुकूलन पाण्याच्या दोन फेऱ्यांवर चालते. पहिली फेरी बंद असते. चिलरमधून साधारण ७ अंश सेल्सिअसला निघालेले पाणी मजल्यामजल्यावर फिरते आणि खोल्यांतली उष्णता घेऊन १२ अंशांना परत येते. दुसरी फेरी उघडी असते. चिलरच्या कंडेन्सरमधली उष्णता घेतलेले ३७ अंशांचे पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाते आणि ३२ अंशांपर्यंत निवून खाली येते.

बंद फेरीची देखभाल सोपी असते. तिथले पाणी उडून जात नाही, म्हणून नवे पाणी जवळपास लागायलाच नको. भरणीच्या नळावर एक साधे पाण्याचे मीटर बसवावे आणि त्याचा आकडा आठवड्याला लिहावा. आकडा सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा पंपाच्या सीलपाशी. गळतीत पाणी जाते हे नुकसान लहानच. मोठे नुकसान नव्या पाण्याबरोबर आत येणाऱ्या प्राणवायूमुळे होते. त्याने लोखंडी नळ आतून गंजतात, आणि गंज रोखण्यासाठी घातलेले रसायनही पातळ होत जाते. गाळणी उघडल्यावर पाणी तांबूस दिसले तर हेच चालू आहे असे समजावे.

खरी जिकीर टॉवरची. टॉवरमध्ये पाणी गार होते ते मुख्यतः त्याचा थोडा भाग वाफ होऊन उडतो म्हणून. २०० टनांचा चिलर पूर्ण भाराने चालला तर ताशी सुमारे १,२०० लिटर पाणी उडते. उडते ते शुद्ध पाणी. त्यातले क्षार खालच्या कुंडात राहतात. किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो, तोच प्रकार इथे रोज दहा तास चालतो. म्हणून कुंडातले थोडे दाट पाणी सतत सोडून द्यावे लागते. त्याला ब्लीड किंवा ब्लोडाउन म्हणतात. कुंडातले पाणी भरणीच्या पाण्याच्या किती पट दाट होऊ द्यायचे, यावर ब्लीड ठरतो. उडणारे पाणी भागिले ‘पट वजा एक’, असा त्याचा हिशेब आहे.

पुण्यासारख्या गावातली एक इमारत उदाहरणादाखल घेऊ. वर्षातले बरेच महिने धरणाचे मऊ पाणी येते, टीडीएस १००. पाच पट दाट केले तरी कुंडात ५०० होतो आणि ताशी ३०० लिटर ब्लीड पुरतो. एप्रिलमध्ये टँकर सुरू होतात. बोअरवेलचे पाणी, टीडीएस ६००. ब्लीडच्या कॉकला मात्र कोणी हात लावत नाही, त्यामुळे हिशेबाने कुंड ३,००० कडे निघते. कुंडाची मर्यादा १,५०० धरली तर पाणी अडीच पटच दाट होऊ द्यायला हवे, म्हणजे ताशी ८०० लिटर ब्लीड. दहा तासांच्या दिवसाला १५ हजारांऐवजी २० हजार लिटर पाणी. महागाचे टँकर मागवून ते गटारात सोडायचे हे कोणालाच पटत नाही. चूक नेमकी इथे होते. सॉफ्टनर बसवला तर थर धरणारा कॅल्शियम निघतो, पण टीडीएस तेवढाच राहतो. शिवाय पूर्ण मऊ केलेले पाणी लोखंड खाते, म्हणून त्यात थोडे मूळ पाणी मिसळतात.

या टप्प्यावर टीडीएस मीटर फसवतो. ३,००० अपेक्षित असताना ते २,२०० दाखवते आणि सगळ्यांना हायसे वाटते. वास्तविक उरलेले क्षार यंत्राच्या अंगावर चिकटलेले असतात. हे पकडण्यासाठी महिन्याच्या तपासणीत क्लोराइड आणि कॅल्शियमची कठीणता दोन्ही मोजतात, भरणीच्या पाण्याची आणि कुंडाच्या पाण्याची. क्लोराइड सहसा कुठे चिकटत नाही. ते पाच पट झाले आणि कॅल्शियम तीनच पट, तर मधला कॅल्शियम गेला कुठे?

बहुधा कंडेन्सरच्या नळ्यांत. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून फेरीतल्या सर्वांत गरम जागी ते आधी थर धरते. ते नळ्या न उघडताही कळते. चिलरच्या पॅनेलवर रेफ्रिजरंटचे कंडेन्सिंग तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान दिसते. नळ्या स्वच्छ असताना त्यांतला फरक एक-दोन अंश असतो: पाणी ३७, रेफ्रिजरंट ३८.५. तोच फरक सारख्याच भाराला साडेचार अंशांवर गेला की थर बसला. रेफ्रिजरंटमध्ये हवा शिरली तरी फरक वाढतो, हे लक्षात ठेवावे. कंडेन्सिंग तापमानाच्या दर अंशामागे वीज साधारण दोन-तीन टक्के जास्त लागते. १४० किलोवॅट खाणाऱ्या चिलरला तीन अंशांचा फरक दिवसाला शंभर युनिटांच्या आसपास पडतो. मऊ थर नायलॉनच्या ब्रशने निघतो, आणि हे काम हिवाळ्यात भार कमी असताना उरकतात. कडक थराला मात्र आम्ल फिरवावे लागते.

टॉवरची प्रकृती दुसऱ्या फरकावर कळते: खाली येणारे पाणी आणि हवेचे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवरचे तापमान, म्हणजे वेट बल्ब. पाणी त्याच्या खाली कधीच जात नाही. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या उन्हापेक्षा जूनच्या दमट हवेत टॉवर जास्त कुचंबतो. हा फरक चार अंशांवरून सातवर गेला तर दोष नळ्यांत नसून टॉवरमध्ये शोधावा.

टॉवरच्या पोटात फिल असते. पीव्हीसीच्या पातळ, नालीदार पत्र्यांचे हे गठ्ठे पाणी पसरवतात आणि त्याला हवेशी भिडवतात. पंख्याचा स्विच बंद करून कुलूप घालावे, मगच बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. कुठे कोरडा पांढरा पट्टा दिसला तर वरचे तपासावे. आपल्याकडच्या गोल फायबरच्या टॉवरमध्ये पाणी फेकणारा फिरता हात असतो. त्याची भोके कचऱ्याने बुजली की तो अडखळतो, पाणी एकाच बाजूला पडते आणि बाकीचे फिल सुकून क्षार धरते. स्वच्छ गठ्ठा एका हाताने उचलतो. क्षार भरलेला दोन हातांना जड जातो आणि दाबला की कड तुटते. असे फिल बदललेलेच बरे. जोराच्या फवाऱ्याने धुतले तर पत्रे फाटतात.

पत्र्यावर बोट फिरवून ते बुळबुळीत लागले तर तो क्षार नसून जिवाणूंचा थर आहे. कोमट पाणी आणि असा थर लीजिओनेला जिवाणूला मानवतात, आणि टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून तो फुप्फुसांत जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची जी साथ आली, तिच्यातून या जिवाणूचा शोध लागला. उपाय म्हणून क्लोरीन घालतात, पण दाट झालेल्या पाण्याचा पीएच साडेआठच्या पुढे गेला की क्लोरीनचा जोर ओसरतो. तिथे ब्रोमिनचे औषध बरे पडते. औषध घातल्यावर काही तास ब्लीड बंद ठेवावा, नाहीतर औषध गटारात जाते. कुंडाचा फ्लोट व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर ओव्हरफ्लोमधून ते तसेच वाहून जाते, आणि हे महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर टॉवर बंद राहिला असेल तर साचलेले पाणी काढावे, कुंड घासावे, ताजे पाणी भरून क्लोरीन घालावे आणि काही तास नुसता पंप चालवावा. पंखा त्यानंतर.