सळईचा अहवाल मराठीत, ‘यील्ड स्ट्रेंथ’ मात्र तशीच

इमारतीत घातल्या जाणाऱ्या सळईचा नमुना प्रयोगशाळेत ताणून, शेवटी तोडून तपासला जातो. या चाचणीला टेन्साइल टेस्ट म्हणतात आणि तिचा अहवाल बहुधा इंग्रजीत येतो. गृहनिर्माण संस्थेची पुनर्विकास समिती किंवा लहान कंत्राटदार तो मराठीत करून घेतो, तेव्हा हातात आलेल्या कागदावर वाक्ये मराठी असतात, पण तक्त्यात ‘यील्ड स्ट्रेंथ’, ‘टेन्साइल स्ट्रेंथ’, ‘इलाँगेशन’ हे शब्द तसेच असतात. पैसे पूर्ण भाषांतराचे दिले असताना काम अर्धेच झाले, अशी तक्रार मग होते. हे शब्द का ठेवले जातात, ते चाचणीत काय घडते हे पाहिले की कळते.

सळईचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत घट्ट धरून हळूहळू ओढला जातो. सुरुवातीला ती किंचित लांबते, पण ओढ काढली तर पुन्हा मूळ लांबीवर येते. एका टप्प्यानंतर मात्र ती कायमची लांबू लागते. त्या टप्प्यावरचा भार भागिले सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे यील्ड स्ट्रेंथ. ओढणे चालू ठेवले की भार आणखी चढतो आणि एका कमाल आकड्याला पोहोचतो. तो कमाल भार भागिले तेच क्षेत्रफळ, म्हणजे टेन्साइल स्ट्रेंथ. त्यानंतर सळई एका जागी बारीक होत जाते आणि तुटते. तुटलेले तुकडे जुळवून, खुणा केलेल्या भागाची लांबी किती टक्के वाढली ते मोजतात; ते इलाँगेशन.

काही पोलादांत कायमचे लांबणे नेमके कुठे सुरू झाले ते आलेखावर स्पष्ट दिसत नाही. अशा वेळी कायमची वाढ ०.२ टक्के होईल तो बिंदू धरतात आणि त्या आकड्याला ‘प्रूफ स्ट्रेस’ म्हणतात. पन्नास मिलिमीटर लांबीवर ही वाढ अवघी ०.१ मिलिमीटर असते. अहवालात ‘यील्ड’ लिहिले आहे की ‘०.२ टक्के प्रूफ’, यावरून मोजण्याची रीत कळते. दोन्हींना एकच मराठी शब्द दिला तर ही माहिती कागदावरून नाहीशी होते.

हा घोटाळा किती महागात पडू शकतो, ते एका उदाहरणावरून समजेल. बारा मिलिमीटरची, एफई ५००डी या प्रतीची सळई घेऊ. सळईवर उंच रेघा असल्याने तिचे क्षेत्रफळ व्यास मोजून काढत नाहीत, वजनावरून काढतात. एक मीटर तुकड्याचे वजन ०.८८० किलो भरले, तर क्षेत्रफळ साधारण ११२.१ चौरस मिलिमीटर येते. यील्डचा भार ५८.३ किलोन्यूटन, म्हणून यील्ड स्ट्रेंथ ५२०. कमाल भार ६२.८ किलोन्यूटन, म्हणून टेन्साइल स्ट्रेंथ ५६०. एकक दोन्हीकडे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साठ मिलिमीटरचा भाग तुटेपर्यंत ७०.२ मिलिमीटर झाला, म्हणजे इलाँगेशन १७ टक्के.

भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे या प्रतीला यील्ड स्ट्रेंथ किमान ५०० हवी, ५२० आहे. इलाँगेशन किमान १६ टक्के हवे; १७ आहे. टेन्साइल स्ट्रेंथला मात्र दोन अटी आहेत. ती किमान ५६५ हवी आणि त्याच सळईच्या प्रत्यक्ष यील्ड स्ट्रेंथपेक्षा किमान १० टक्क्यांनी जास्त, म्हणजे इथे ५७२ हवी. नमुन्याची ५६० आहे. सळई दोन्ही अटींवर नापास. आता समजा, भाषांतरात दोन्ही ओळींना ‘ताणशक्ती’ म्हटले. वाचणाऱ्याला ‘ताणशक्ती ५२०’ आणि ‘ताणशक्ती ५६०’ दिसेल, प्रतीच्या नावातला ५०० हा आकडा आठवेल आणि दोन्ही त्याहून जास्त म्हणून सळई उत्तम ठरेल. प्रत्यक्षात या दोन आकड्यांमधले अंतर हीच सुरक्षिततेची बाब आहे. भूकंपात पोलाद यील्ड झाल्यावरही त्याने तुटण्याआधी बराच भार पेलावा, यासाठी ते अंतर राखलेले असते.

मराठीत नेमके प्रतिशब्द नाहीत म्हणून हे होते, असे नाही. ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ हे स्ट्रेस आणि स्ट्रेन यांचे प्रतिशब्द तांत्रिक लेखनात वापरले जातात. हिंदीच्या शब्दावलीत यील्डसाठी ‘पराभव’ आहे. अडचण अशी, की साइटवरचा सुपरवायझर, सळईचा व्यापारी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांपैकी कोणी हे शब्द बोलत नाही. सर्वसामान्य वाचकाला ‘विकृती’चा अर्थ भलताच लागतो आणि ‘ताण’ म्हटले तर तो स्ट्रेस, स्ट्रेन की नुसती ओढ, हे कळत नाही.

शिवाय हा अहवाल एकटा वाचला जात नाही. कारखान्याने सळईसोबत दिलेले मिल टेस्ट सर्टिफिकेट, इंजिनिअरचे नकाशे आणि मानकाचा तक्ता यांच्याशी तो ओळीला ओळ लावून पडताळतात. वाद झाला तर हेच कागद लवादापुढे जातात. सगळीकडे ‘यील्ड स्ट्रेंथ’ असताना एकाच कागदावर वेगळा शब्द असला, तर तो तोच आकडा आहे हे आधी सिद्ध करावे लागते.

म्हणून चांगला भाषांतरकार राशींची नावे, चिन्हे, एकके, मानकाचा क्रमांक, प्रत आणि नमुन्याचा क्रमांक यांना हात लावत नाही. आकडे पूर्णांकात आणणे किंवा एकके बदलणे हेही त्याचे काम नव्हे. नमुन्याचे वर्णन, चाचणीची पद्धत, शेरे आणि निष्कर्ष मात्र पूर्ण मराठीत यायला हवेत. ‘सळई खुणांच्या बाहेर तुटली’ असा शेरा असेल तर इलाँगेशनचा आकडा ग्राह्य आहे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. तो शेरा इंग्रजीत राहून चालणार नाही.

नुसते देवनागरीत ‘यील्ड स्ट्रेंथ’ लिहिल्यानेही काम पुरे होत नाही. प्रत्येक संज्ञेचा अर्थ पहिल्या उल्लेखापाशी एका ओळीत दिला पाहिजे: ‘यील्ड स्ट्रेंथ: ज्या मर्यादेपुढे सळई कायमची लांबू लागते ती’. इलाँगेशनपाशी तर ही काळजी जास्तच लागते, कारण या प्रतीच्या सळईसाठी मानकात दोन वाढी आहेत: तुटल्यानंतरची, किमान १६ टक्के, आणि कमाल भाराच्या क्षणीची, किमान ५ टक्के. दोन्ही ठिकाणी नुसते ‘लांबीतील वाढ’ लिहिले तर अहवाल स्वतःलाच खोटा पाडतो आहे असे वाटेल.

भाषांतर हाती आल्यावर ग्राहकाने मूळ अहवाल शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात: प्रत्येक आकडा त्याच नावापुढे आहे का, प्रत्येक नावाचा अर्थ मराठीत दिला आहे का, आणि एकही शेरा गळलेला नाही ना. सळई स्वीकारायची की परत पाठवायची, हा निर्णय मात्र मूळ सहीशिक्क्याच्या अहवालावरच घ्यावा.