फुलं उन्हात वाळवू नका!

सुकलेल्या फुलापानांचं गोल तोरण दारासाठी करायचं म्हटलं, की एक सल्ला हमखास येतो: “फुलं आधी चांगली कडक उन्हात वाळवा.” पापड-कुरडया गच्चीवर घालणाऱ्या घरांत ऊन आणि वाळवण एकच मानलं जातं, त्यामुळे सांगणाऱ्याचा दोष नाही. पण कितीही समजावलं तरी पुढच्या वर्षी तीच फुलं त्याच गच्चीवर, त्याच वर्तमानपत्रावर पसरलेली दिसतात आणि मग “रंगच राहत नाही हो!” अशी तक्रार येते. कसा राहील?

फूल वाळतं ते त्यातलं पाणी हवेत निघून गेल्यामुळे. त्याला कोरडी, खेळती हवा लागते. उजेड लागत नाही. उजेड वेगळंच काम करतो, तो रंगद्रव्यांचे रेणू मोडतो. म्हणून तर संग्रहालयांत जुनी रंगीत वस्त्रं साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीही फुलं अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी उलटी टांगायला सांगते. तिथे ऊन कमी म्हणून नव्हे, रंग टिकावा म्हणून.

“पण आम्हाला वर्गात उन्हातच ठेवायला शिकवलं!” बरोबर आहे. तिथे फूल बारीक कोरड्या वाळूत पूर्ण पुरतात आणि भांडं उन्हात ठेवतात. ऊन वाळूला तापवतं, फुलाला दिसतसुद्धा नाही.

आता हे घरी कसं करायचं ते पाहू. शेताच्या बांधावरचा कुर्डू, जांभळी बटणफुलं म्हणजे गोम्फ्रेना आणि निलगिरीच्या डहाळ्या घ्या. कुर्डू आणि गोम्फ्रेना मुळातच कागदासारखी कोरडी असतात, म्हणून आकार सोडत नाहीत. कुर्डूचे तुरे काळं बी गळायला लागण्याआधी कापा. देठाची पानं काढा, आठ-दहा काड्यांच्या सैल जुड्या रबरबँडने बांधा. देठ आक्रसला तरी रबर घट्ट राहतं. जुड्या पंखा असलेल्या अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगा. दोन-तीन आठवडे लागतात. पाकळी कुरकुरीत लागली म्हणून फूल वाळलं असं समजू नका. देठ वाकवला की कट्कन मोडायला हवा. नुसता वाकला, तर आत पाणी आहे.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: ताजीच फुलं बांधा, दारावर आपोआप वाळतील. वाळताना देठ बारीक होतात, तार सैल पडते आणि सगळ्यात आधी गोलाच्या खालच्या अर्ध्या भागातले झुबके घसरतात. शिवाय घट्ट झुबक्याच्या आत हवा पोचत नाही, तिथे बुरशी धरते. अपवाद निलगिरीचा: पूर्ण सुकलेली पानं बांधताना चुरतात, म्हणून ती जरा लवचिक असतानाच घ्या आणि तार ओढून बांधा.

सांगाड्यासाठी २ मिलिमीटरची जीआय तार पुरते. साधी लोखंडी तार गंजते आणि भिंतीवर डाग पाडते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाला दोन फेरे द्यायला दोन मीटर तार लागते. त्यावर सुतळी गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत तारेवर झुबके फिरतात. मग १०-१२ सेंटिमीटरचे झुबके, प्रत्येक झुबका आधीच्या देठांवर चढवत, पाच-पाच सेंटिमीटरवर बारीक तारेने बांधत जा. साधारण १९-२० झुबके बसतात. बारीक तार मध्ये तोडू नका. एकाच रिळाने प्रत्येक झुबक्याला तीन घट्ट वेढे द्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

हेअरस्प्रे मारला की तोरण वर्षभर टिकतं? तो गळणाऱ्या पाकळ्या थोड्या धरून ठेवतो. रंग उडणं किंवा दमटपणा थांबवत नाही.

आंब्याची पानं हिरवी राहतात? नाही. तपकिरी होतात आणि वळतात.

मधूनमधून पाणी शिंपडावं? कृपा करून नको.

एकदा वाळलं की पावसाळ्यातही चालतं? सुकलेलं फूल दमट हवेतून पाणी परत ओढून घेतं. कोकणात आणि मुंबईत जूनपासून ते मऊ पडतं, काळे ठिपके दिसू लागतात. ठिपके दिसले की तो झुबका कापून टाका. उन्हात ठेवून तो बरा होत नाही.

आणि दार पश्चिमेकडे असेल तर तोरण बाहेरून न लावता आतल्या बाजूने लावा. अंधारात जपलेला रंग रोज दुपारच्या उन्हात धरायचा असेल, तर मग गच्चीच काय वाईट होती?