टेस्टर वाजला म्हणजे हिराच असं नाही

सराफाच्या पेढीवर पेनासारखं एक यंत्र असतं. त्याचं तापलेलं टोक खड्याला टेकवलं की दिवे चढत जातात, ‘टीं’ असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण हे यंत्र फक्त एक गोष्ट तपासतं, ती म्हणजे खडा उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो. हिरा ती फार वेगाने ओढतो. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा झिर्कोनियाचा खडा ओढत नाही, म्हणून तिथे यंत्र गप्प राहतं. मॉयसनाइट मात्र जवळजवळ हिऱ्याइतक्याच तत्परतेने उष्णता ओढतो, आणि साधा टेस्टर त्यालाही हिरा म्हणून मोकळा होतो.

मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांचं संयुग. ॲरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसां यांना 1893 मध्ये त्याचे स्फटिक सापडले, आणि त्यांनाही ते आधी हिरेच वाटले होते. निसर्गात हे खनिज इतकं दुर्मीळ आहे की दागिन्यांतला प्रत्येक खडा कारखान्यात वाढवलेला असतो. हिऱ्याच्या तुलनेत तो फार स्वस्त पडतो. मॉयसनाइट म्हणूनच विकला तर त्यात फसवणूक काहीच नाही. उलट कमी पैशांत रोज वापरायची अंगठी हवी असेल तर माझ्या मते त्याच्याइतका चांगला खडा दुसरा नाही.

चमकेत तो हिऱ्यापेक्षा कमी नाही, जास्तच आहे. पांढरा प्रकाश रंगांत फोडण्याची त्याची ताकद हिऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे उन्हात किंवा दुकानातल्या बारीक दिव्यांखाली हात हलला की लाल, निळ्या, हिरव्या ठिणग्या उडतात. हिऱ्याचं तेज त्यामानाने पांढरं आणि संयत. कानातल्या चिमुकल्या खड्यांत हा फरक सहसा कळत नाही, पण मोठ्या सॉलिटेअरमध्ये जाणकाराची नजर तिथेच अडते. ज्यांना हिऱ्याचं शांत तेज आवडतं त्यांनी मोठा मॉयसनाइट घेऊ नये.

कठीणपणाची चिंता मात्र सोडून द्यावी. मोहस मापावर हिरा 10, मॉयसनाइट सव्वानऊ आणि नीलम 9. खड्यांवर चरे पाडते ती घरातली धूळ, कारण तिच्यात सातच्या आसपासचे वाळूचे कण असतात. त्यांचं मॉयसनाइटपुढे काही चालत नाही. वर्षानुवर्षं वापरूनही त्याचे पैलू धारदार राहतात. फक्त हिऱ्याचा दागिना आणि तो एकाच डबीत ठेवू नये, कारण हिरा त्याला ओरखडतो.

मग खरी ओळख कशी पटते? जाणता जवेरी दहापट भिंग घेतो, खडा किंचित तिरका धरतो आणि वरच्या पैलूतून आरपार मागच्या कडांकडे बघतो. हिऱ्यात प्रत्येक कड एकेरीच दिसते. मॉयसनाइटमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे कडा जोडीने, एकमेकींना खेटून दिसतात. खडा सरळ समोरून पाहिला तर हे दुहेरीपण लपतं, कारण खडा बहुधा तसाच बेतून कापलेला असतो. दुसरा उपाय म्हणजे विद्युतवहनही तपासणारा टेस्टर. बहुतेक मॉयसनाइटमधून थोडी वीज जाते, साध्या पांढऱ्या हिऱ्यातून जात नाही. पण हल्लीचे अगदी रंगहीन मॉयसनाइट कधी कधी या यंत्रालाही चकवतात, म्हणून भिंगाला पर्याय नाही. आणखी एक लक्षात ठेवावं: प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असल्यामुळे तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे यांपैकी कशानेही कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखलाच लागतो.

आता मोडीचा हिशेब. समजा, 18 कॅरेटची अंगठी खड्यासकट 4 ग्रॅम भरली. तिच्यात साडेसहा मिलिमीटरचा गोल मॉयसनाइट आहे. या मापाचा हिरा एक कॅरेट, म्हणजे 0.2 ग्रॅम भरतो. मॉयसनाइट हलका असल्याने साधारण 0.18 ग्रॅम भरेल. उरलं सोनं 3.82 ग्रॅम, आणि त्यातलं शुद्ध सोनं पाऊण हिश्श्याने 2.87 ग्रॅमच्या आसपास. अंगठी मोडायला नेली की हातात येते ती याच सोन्याची किंमत, तीही घट वजा करून. घडणावळ गेली आणि खड्याचे बहुतेक काहीच मिळत नाहीत, कारण नवाच स्वस्तात मिळत असताना सराफ वापरलेला का घेईल?

हिऱ्याची मोडही वाटते तितकी भरघोस नसते. ज्या पेढीतून घेतला तिथे परतीची लेखी हमी असेल तर ठीक, दुसरीकडे नेला की भाव बराच खाली येतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे दर तर गेल्या काही वर्षांत कोसळलेच आहेत. त्यामुळे मॉयसनाइट घेताना बिलावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात: सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं नाव आणि मिलिमीटरमधलं माप. खड्याचं वजन सोन्यात मिसळून लावलं, तर त्या 0.18 ग्रॅमलाही सोन्याचा भाव पडतो, आणि मोडताना तेवढंच वजन कापलं जातं.