नुसती म्हण आली, तर उत्तर काय द्यायचं?

आत्यानं सत्तरीत पहिल्यांदा स्मार्टफोन घेतला. तिच्याकडून मला आलेला पहिलाच मेसेज चार शब्दांचा होता: ‘गरज सरो, वैद्य मरो.’ रविवारची सकाळ, साडेसात. वर ‘कसा आहेस’ नाही, खाली काही नाही.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा ही आत्या साताऱ्याहून येऊन तीन महिने आमच्याकडे राहिली होती. रात्र-रात्र जागली होती. आणि गेल्या पाच महिन्यांत मी तिला एक फोन केला नव्हता. म्हण कुणासाठी आहे, हे मला सांगायची गरजच नव्हती. मी लगेच लिहायला घेतलं: ‘आत्या, खरंच चुकलं माझं, ऑफिसात इतकं काम होतं की…’ चार ओळी झाल्या आणि मी थांबलो. तिनं माझं नाव कुठं घेतलं होतं?

म्हणीत नाव नसतंच. कोण, कधी, कुणाला हे सगळं गाळून जे उरतं, तीच म्हण. त्यामुळे ती कुठंही चपखल बसते, आणि म्हणूनच एकटी आली तर काहीच सांगत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासक बार्बरा किर्शेनब्लाट-गिंबलेट यांनी 1973 मध्ये एका निबंधात हे दाखवून दिलं. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही, ही इंग्रजी म्हण ऐकून कुणाला वाटतं, एका जागी टिकून राहावं. कुणाला वाटतं, सतत हलत राहावं. शब्द तेच, अर्थ उलटे. आपल्याकडे ‘पळसाला पानं तीनच’ घ्या. नोकरी सोडून दुसऱ्या गावी निघालेल्याला ती म्हटली तर तो जाऊ नको असा सल्ला होतो. परगावी जाऊन खट्टू झालेल्याला म्हटली तर तो धीर होतो. म्हणजे म्हणीचा अर्थ कोशात पाहून उपयोग नाही. आत्याच्या घरात त्या आठवड्यात काय घडलं, हे कळल्याशिवाय तिच्या चार शब्दांचा अर्थ मला लागणार नव्हता.

समोरासमोर बोलताना ही अडचण येत नाही, कारण म्हण सहसा बोलण्याच्या शेवटी येते. पॉल ड्रू आणि एलिझाबेथ होल्ट या ब्रिटिश अभ्यासकांनी इंग्रजी बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रित संभाषणं, त्यातही फोनवरची, ऐकून दोन निष्कर्ष काढले. 1988 च्या लेखात ते म्हणतात की गाऱ्हाणं सांगणारा माणूस ठरीव वाक्प्रचाराकडे वळतो तो बहुधा ऐकणारा पुरेशी साथ देत नसेल तेव्हा. 1998 च्या लेखातला निष्कर्ष असा, की असा वाक्प्रचार आला, ऐकणाऱ्यानं ‘हो ना’ म्हटलं, की विषय मिटतो आणि दोघं दुसऱ्या गोष्टीकडे वळतात.

आपल्या घरीही ऐकून पाहा. आई आधी सगळी हकिकत सांगते, कोण काय बोललं ते सांगते, आणि मग उसासा टाकून म्हणते, ‘नावडतीचं मीठ अळणी.’ आपण ‘हो ना’ म्हणतो. संपलं. आत्याच्या मेसेजमध्ये तो उसासाच तेवढा आला होता. हकिकत तिच्याजवळच राहिली होती.

हे एकदा ध्यानात घेतलं की कोणती उत्तरं चुकतात ते आपोआप कळतं. ‘अगदी खरं आहे’ हे उत्तर गोड वाटतं, पण त्यानं विषय मिटतो. हकिकत सांगायला तोंड उघडण्याआधीच आपण दार लावून घेतो. नुसता अंगठा पाठवणं त्याहून वाईट. म्हणीला म्हणीनं उत्तर दिलं तर दोन उसासे होतात, गोष्ट एकही नाही. ‘म्हणजे?’ हा एकच शब्द बोलताना मऊ वाटतो, कारण आवाज सोबत असतो. लिहिलेला वाचला की दटावल्यासारखा लागतो. ‘मला बोलतेस का?’ विचारलं तर माणूस घाईनं ‘छे रे, तुला नाही’ म्हणतो आणि खरं असलं तरी गिळून टाकतो.

आणि माझ्यासारखी माफी? आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात. त्यात निदान लेक आणि सून दोघी घरात असतात. फोनवर वाचणारा एकटाच असतो, म्हणून तो हमखास स्वतःलाच सून समजतो.

मी लिहिलेलं पुसलं आणि हे पाठवलं: ‘आत्या, मेसेज वाचला. आज कशावरून आठवली ही म्हण? मी तीननंतर घरीच आहे, फोन करू?’

या उत्तरात अर्थ लावलेला नाही. ‘काय झालं’ असंही विचारलेलं नाही, कारण काही झालंच आहे असं गृहीत धरलं की समोरचा बिचकतो. ‘कशावरून आठवली’ याचं उत्तर लहान देता येतं आणि मोठंही. फोनची वेळ सांगितली, ती अशासाठी की सत्तरीच्या माणसाला बोटानं अक्षर-अक्षर लिहून गाऱ्हाणं मांडणं जड जातं. पहिल्यांदा म्हणच आली, त्याचं एक कारण हेही असेल.

तीन वाजता फोन केला. शेजारच्या घरातलं बाळ आत्यानं दोन वर्षं सांभाळलं होतं. त्यांनी घर बदललं, ट्रकमध्ये सामान भरलं आणि निरोप न घेता गेले. तिला बाळाची आठवण येत होती, हे विसाव्या मिनिटाला कळलं. मी सकाळी माफी मागितली असती तर ती माझीच समजूत घालत बसली असती आणि बाळाचं नावही निघालं नसतं. फोन ठेवताना मी पाच महिन्यांबद्दल बोललो, तेव्हा ती म्हणाली, ‘तेही आहेच.’

प्रत्येक सुविचारामागे अशी हकिकत नसते. मेसेजच्या वर फॉरवर्ड केल्याची खूण असेल, सूर्योदयाचं चित्र असेल, रोज त्याच वेळी येत असेल, तर तो नमस्कार समजावा आणि नमस्कारानंच उत्तर द्यावं. थोरांच्या नावावर खपवलेलं वाक्य असेल तर ते खरं कुणाचं, हा वाद पहिल्या उत्तरात काढू नये. स्वतः टाइप केलेली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट आलेली म्हण मात्र वेगळी. तिच्यासाठी कुणीतरी कष्ट घेतलेले असतात. विचारल्यावर ‘काही नाही, सहज’ आलं तर खोदून विचारू नये. ‘बरं, संध्याकाळी फोन करतो’ एवढं लिहावं आणि तो खरंच करावा.

एका बाबतीत मात्र मेसेजवर थांबू नये. वाक्य मरणाचं, सगळं संपवण्याचं, निरोपाचं असेल तर अर्थ लावत न बसता तत्काळ फोन लावावा, उचलला नाही तर जवळ राहणाऱ्या कुणाला तरी दार वाजवायला सांगावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आत्या आता ‘जेवलास का’ असा मेसेज पाठवते. म्हण आली की मी तीन वाजायची वाट पाहत नाही, लगेच फोन करतो.