लेसरच्या प्रकाशातील रवाळपणा आणि छिद्राचे माप

खडबडीत भिंतीवर किंवा कोऱ्या कागदावर लेसरचा प्रकाश पसरून पाडला असता तो एकसारखा उजळलेला दिसत नाही. त्यावर सर्वत्र बारीक उजळ व काळे ठिपके विखुरलेले दिसतात, आणि पाहणाऱ्याने डोके किंचित हलविले की ते सर्व लुकलुकू लागतात. दृश्य तांबडा प्रकाश अखंडपणे देणारा हेलियम-निऑन लेसर १९६२ साली सिद्ध झाला आणि त्याच वर्षी रिगडेन व गॉर्डन यांनी या रवाळपणाची नोंद प्रसिद्ध केली. तथापि घटना त्याहून जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात व्हिएन्ना येथे एक्स्नर याने तिचे एक रूप पाहिले होते, आणि १९४३ साली बंगलोर येथे रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी सूक्ष्म कणांमुळे उत्पन्न होणाऱ्या प्रभामंडलातील तीव्रतेच्या चढउतारांचा विचार केला होता. लेसरने नवे काही निर्माण केले नाही. जे पूर्वी प्रयासाने दिसे ते कोणालाही सहज दिसू लागले, एवढेच.

या ठिपक्यांना ‘कण’ म्हणण्याचा मोह होतो, परंतु हा शब्द फसवा आहे. कण म्हटला की तो कोठेतरी पडलेला असला पाहिजे, अशी अपेक्षा शब्दाबरोबरच येते, आणि मग तो भिंतीवर आहे की लेसरच्या झोतात आहे असा प्रश्न मनात उभा राहतो. प्रस्तुत ठिपके या दोहोंपैकी कोठेही नसतात. तुपाच्या किंवा साखरेच्या संदर्भात वापरला जाणारा ‘रवा’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा, कारण त्यातून पोताचा बोध होतो. पुढील विवेचनात तोच योजिला आहे.

हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ०.६३३ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. साध्या कागदाच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीच्या पृष्ठभागावरील चढउतार याच्या कित्येक पट मोठे असतात. म्हणून भिंतीच्या निरनिराळ्या सूक्ष्म बिंदूंवरून परतणारे तरंग डोळ्यापर्यंत येताना कमीअधिक अंतर कापतात, आणि कोणाचा शिखरभाग तर कोणाचा दरीभाग एकाच क्षणी पोहोचतो. तरंगाच्या या अवस्थेस त्याची कला म्हणतात. लेसरच्या प्रकाशात या कलांचे परस्परसंबंध क्षणोक्षणी बदलत नाहीत. त्यामुळे ज्या ठिकाणी योगायोगाने शिखरे शिखरांवर पडतात ते स्थान उजळ राहते आणि जेथे शिखरे दऱ्यांना खोडून काढतात ते काळे राहते. दिव्याच्या प्रकाशातही हीच बेरीज होते, पण तारेचा प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक तरंगलांबी आपापली वेगळी नक्षी पाडते, आणि असंख्य नक्ष्या एकमेकींवर पडल्या की त्यांतील चढउतार बुजून जातात. आरशावर मात्र लेसरच्या प्रकाशातही रवाळपणा दिसत नाही, कारण तेथील चढउतार तरंगलांबीच्या मानाने नगण्य असतात.

या बेरजेचे गणित लॉर्ड रॅले याने १८८० सालीच मांडले होते. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेला गडी प्रत्येक पावलानंतर स्वतःभोवती गरगर फिरून भलत्याच दिशेस पुढचे पाऊल टाकतो, अशी कल्पना करावी. शंभर पावलांनंतर तो मूळ जागेपासून किती दूर असेल हे सांगता येत नाही. परंतु असे पुष्कळ गडी घेतले तर त्यांच्या अंतरांची वाटणी कशी असेल हे नक्की सांगता येते. येथे प्रत्येक पाऊल म्हणजे भिंतीच्या एका बिंदूवरून आलेला तरंग, आणि अंतराचा वर्ग म्हणजे त्या स्थानी दिसणारी तीव्रता. गणित असे सांगते की शंभरांपैकी सुमारे दहा स्थानी तीव्रता सरासरीच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि सुमारे पाच स्थानी ती सरासरीच्या तिपटीहून अधिक असते. उजळ ठिपके विरळ पण झगझगीत दिसतात आणि काळोखी मुबलक असते, याचे कारण या विषम वाटणीत आहे.

आता रव्याच्या आकाराचा प्रश्न. भिंत जितकी खरखरीत तितका रवा मोठा, असे सहजच वाटते. पण खडबडीत कागदाच्या जागी बारीक पोताचा कागद लावला तरी रव्याच्या आकारात फरक पडत नाही. आकार ठरतो तो डोळ्याच्या बाहुलीवरून. नेत्रपटलावरील एखाद्या बिंदूशी जो प्रकाश येतो तो बाहुलीच्या सर्व भागांतून आलेला असतो. त्या बिंदूपासून थोडे बाजूस सरकले की बाहुलीच्या एका कडेकडून येणारा मार्ग किंचित लांबतो व दुसऱ्या कडेकडून येणारा आखूड होतो. हा फरक सुमारे एका तरंगलांबीएवढा झाला की कलांची जुनी जुळणी पूर्णपणे मोडते आणि नवी बेरीज सुरू होते. एका बेरजेपासून दुसऱ्या, तिच्याशी संबंध नसलेल्या बेरजेपर्यंतचे हे अंतर म्हणजेच रव्याचा आकार होय. बाहुली रुंद असेल तर थोडेसे सरकल्यानेही मार्गांत एवढा फरक पडतो आणि रवा बारीक होतो. अरुंद असेल तर पुष्कळ सरकावे लागते आणि रवा मोठा होतो.

वर्तुळाकार छिद्रासाठी रव्याचे कोनीय माप तरंगलांबीस १.२२ ने गुणून छिद्राच्या व्यासाने भागले असता मिळते. रवे लहानमोठे व वेडेवाकडे असल्यामुळे १.२२ हा आकडा संकेताचा समजावा. सरासरी आकाराचा अदमास त्यावरून येतो. बाहुली ३ मिलिमीटर रुंद असेल तर दोन मीटरांवरील भिंतीवर रवा सुमारे अर्धा मिलिमीटर दिसेल. पुठ्ठ्यास १ मिलिमीटरचे भोक पाडून तो डोळ्याशी धरला की तोच रवा दीड मिलिमीटरचा होतो. प्रकाश मंदावतो, पण उजळ व काळे यांतील भेद तसाच राहतो. प्रयोग करताना झोत कोणत्याही परिस्थितीत डोळ्यात जाऊ देऊ नये, एक मिलिवॅटहून कमी शक्तीचा लेसर घ्यावा आणि फक्त भिंतीवरून परतलेला प्रकाश पाहावा. झोत आधी एखाद्या भिंगाने तळहाताएवढा पसरून घेणेही आवश्यक आहे. नाहीतर दोनतीन मिलिमीटरांच्या ठिपक्यात मोजके चारदोन रवे दिसतील आणि त्यांवरून काहीच ठरविता येणार नाही.

भोकाऐवजी पुठ्ठ्यात अरुंद उभी फट कापली तर परिणाम अधिक निर्णायक असतो. आता छिद्र आडव्या दिशेस अरुंद आहे आणि उभ्या दिशेस त्याची मर्यादा पूर्वीप्रमाणे बाहुलीचीच आहे. म्हणून रवे आडवे लांबट होतात, फटीच्या बरोबर काटकोनात. पुठ्ठा हळूहळू फिरविला तर भिंतीवरील सर्व रवे त्याच्याबरोबर फिरतात. भिंत जागची हललेली नाही आणि लेसरही नाही. रवा भिंतीचा की पाहणाऱ्याचा, या वादाचा निकाल एवढ्या एका पुठ्ठ्याने लागतो.

चष्मा लावणाऱ्यांस आणखी एक गोष्ट पडताळून पाहता येईल. चष्मा काढला की भिंतीवरील प्रकाशाची कड अंधुक होते, परंतु आतील रवे पूर्वीइतकेच रेखीव राहतात. डोळ्याच्या दोषामुळे बाहुलीच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या तरंगांच्या कला बदलतात हे खरे. पण ज्या कला मुळातच अव्यवस्थित आहेत त्यांत आणखी अव्यवस्था कोणती व्हावयाची? नक्षी बदलते, तिचा पोत बदलत नाही. मात्र डोके हलविले असता निकटदृष्टीच्या माणसास रवे उलट दिशेने सरकताना दिसतात आणि दूरदृष्टीच्या माणसास डोक्याच्याच दिशेने.

भेद तसाच राहतो, या विधानास मर्यादा आहेत. भिंतीवरील अर्ध्या मिलिमीटरच्या रव्याएवढ्या क्षेत्रात दहा दहा मायक्रोमीटरांचे उंचवटे असतील तर त्यांची संख्या सुमारे दोन हजार भरते. गड्याची पावले इतकी असली की वरील वाटणी लागू पडते. छिद्र इतके रुंद केले की एकेका बेरजेत दोनचारच उंचवटे उरतील, तर ती लागू पडणार नाही. व्यवहारात याहून अधिक अडचण उत्पन्न करते ती टिपणाऱ्या साधनाची मर्यादा. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आपल्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या सर्व प्रकाशाची बेरीज करतो. त्यात चार रवे मावले तर त्यांची सरासरीच नोंदली जाते आणि भेद सुमारे निम्म्यावर येतो.

ही केवळ चित्राच्या सुबकतेची बाब नाही. १९८१ साली फेर्शर व ब्रायर्स यांनी रक्तप्रवाह दाखविण्याची एक पद्धत सुचविली. ऊतीवर लेसरचा प्रकाश पाडला असता जेथे रक्त वाहते तेथील रवे सतत बदलतात, आणि छायाचित्राच्या उघडीपेच्या काळात ते पुसट होतात. यास्तव जेथे भेद कमी तेथे प्रवाह अधिक, असा अर्थ लावला जातो. परंतु रुंद छिद्रामुळे रवे पिक्सेलहून बारीक झाले, तरीही भेद कमीच होतो. अशा वेळी निश्चल पृष्ठभागही वाहता भासेल.

एक उदाहरण सोडवून पाहू. पिक्सेल ५ मायक्रोमीटरचा आहे आणि प्रतिमा वस्तूएवढीच घेतली आहे. अशा रचनेत भिंगापासून प्रतिमेचे अंतर नाभ्यंतराच्या दुप्पट असते, म्हणून १.२२, तरंगलांबी आणि भिंगावरील छिद्रांक यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी लागते. एफ/२ या छिद्रास रवा ३.१ मायक्रोमीटर येतो, म्हणजे पिक्सेलहून लहान, आणि एफ/८ ला १२.४ मायक्रोमीटर. रवा पिक्सेलच्या निदान दुप्पट असावा असा संकेत आहे, तेव्हा एफ/८ योग्य आणि एफ/२ अयोग्य. चूक ओळखण्यासाठी प्रथम पांढरा कागद घट्ट बसवून टिपावा. उघडीप आखूड करीत नेली असता भेद वाढत गेला, तर कोठेतरी हालचाल किंवा कंप आहे. तो कितीही आखूड उघडीपेस वाढत नसेल, तर दोष छिद्राचा आहे. कागदावरून परतताना प्रकाशाचे ध्रुवण बिघडते व दोन स्वतंत्र नक्ष्या मिसळून भेद ०.७ च्या आसपास अडकतो. म्हणून परीक्षेच्या वेळी भिंगापुढे ध्रुवक लावावा.

छिद्र वाटेल तितके लहान करून मात्र सुटका होत नाही. एफ/२ वरून एफ/८ वर जाताना प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. तो भरून काढण्यास उघडीप सोळा पट वाढविली, तर त्या वाढीव काळात मंद प्रवाहाच्या जागीही रवे पुसले जातात आणि मंद व वेगवान प्रवाह सारखेच दिसू लागतात. शिवाय रवा जितका मोठा तितके एका चित्रात मावणारे रवे थोडे, आणि भेदाची सरासरी तितकीच अस्थिर. म्हणून रवा पिक्सेलच्या दुपटीहून थोडा मोठा झाला की छिद्र तेथेच ठेवतात आणि लागणारा प्रकाश, ऊतीस सोसवेल त्या मर्यादेत, लेसरची शक्ती वाढवून मिळवितात.